ज्या ओळीमुळे फोटो पुन्हा पाहिला जातो: नातेवाइकांच्या ग्रुपवरच्या फोटोला मजेशीर कॅप्शन कसं लिहावं

नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकताना खाली काहीतरी मजेशीर लिहावं असं सगळ्यांनाच वाटतं, आणि बहुतेक वेळा शेवटी "आपली माणसं ❤️" एवढंच लिहून फोटो पाठवला जातो. विनोद सुचत नाही हे त्याचं कारण नसतं. आपण डोक्यात विनोद शोधत बसतो आणि तो असतो फोटोत.

चांगल्या कॅप्शनची माझी कसोटी एकच आहे. ओळ वाचल्यावर माणूस फोटोकडे परत वळला पाहिजे. पहिल्यांदा फोटो बघताना त्याने स्वतःचा चेहरा शोधलेला असतो, फार तर शेजारच्याचा. कॅप्शन वाचून तो फोटो मोठा करतो, कोपरा शोधतो आणि "अरे, हे दिसलंच नव्हतं" म्हणतो. हसू तिथे फुटतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या आधी बघण्याच्या आहेत आणि मग लिहिण्याच्या.

पहिली पायरी: फोटो मोठा करून बघा

दोन बोटांनी फोटो मोठा करा आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश सरका. चेहऱ्यांवर फार वेळ घालवू नका, कारण चेहरे सगळ्यांनी आधीच पाहिलेले असतात. हात बघा. कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर आहे, कोणाचं बोट वर आहे, कोणी मुलाची कॉलर मागून घट्ट धरून ठेवली आहे. मग पाय बघा, कारण पाय कोणीच सावरून उभे करत नाही. मग कडा बघा, कारण अर्धे कापले गेलेले लोक तिथेच सापडतात. शेवटी मागची बाजू बघा: दारातून डोकावणारं कोणी, आरशात दिसणारा मोबाइल, फोटोची अजिबात फिकीर नसलेलं मांजर.

सापडलेल्या गोष्टी साध्या वाक्यांत लिहून काढा, विनोद न करता. समजा, फोटोत 11 माणसं तीन रांगांत उभी आहेत. फोटो मोबाइलच्या टायमरवर काढलेला आहे, कारण फोटो काढणाऱ्यालाही त्यात यायचं होतं. तोच आता हा फोटो ग्रुपवर टाकणार आहे. त्याची यादी अशी होईल:

मधल्या रांगेत काकांचे डोळे मिटले आहेत.
आत्याचं तोंड उघडं आहे आणि बोट वर आहे, म्हणजे ती अजून कोणाला तरी सरकायला सांगते आहे.
पुढे बसलेली तीन वर्षांची मुलगी स्वतःची चप्पल बघते आहे.
उजव्या कडेला मी. एक पाय हवेत, चेहरा धूसर.
बाकीचे सात जण अगदी व्यवस्थित हसत आहेत.

ही शेवटची ओळ यादीत आवर्जून ठेवा. सात जण नीट उभे आहेत म्हणूनच बाकीचे चार गमतीदार दिसतात. अकराच्या अकरा जण वेडेवाकडे असते तर तो गोंधळाचा फोटो झाला असता आणि कॅप्शनला करण्यासारखं काही उरलं नसतं. फोटोसाठी सगळे सावरून उभे राहतात आणि तरी एखादी गोष्ट निसटते. त्या निसटलेल्या गोष्टीवरच बोलायचं असतं.

दुसरी पायरी: एकच गोष्ट निवडा

नवखा माणूस इथे हमखास अडकतो. यादीत चार गोष्टी सापडल्या की त्या चारही वापरायचा मोह होतो. मग ओळ अशी होते:

"आत्या बोलतेय, काका झोपलेत, छोटीला चप्पल महत्त्वाची आणि मी धावतोय, हाहाहा!"

यात खोटं काही नाही, पण हे फोटोचं वर्णन झालं. चार गोष्टी एका दमात सांगितल्या की वाचणाऱ्याला स्वतः शोधायला काही राहत नाही, आणि एकाही गोष्टीवर नजर थांबत नाही. एक निवडा. उरलेल्या तीन नातेवाईकच शोधून काढतील आणि खाली लिहितील, आणि त्यांना तो आनंद मिळायलाच हवा. ग्रुपवरच्या फोटोची खरी गंमत कॅप्शननंतरच्या उत्तरांत असते. तुम्ही सगळं सांगून टाकलंत तर पुढचे पंधरा जण फक्त अंगठा दाखवून निघून जातील.

निवडताना दोन प्रश्न विचारा. ही गोष्ट मोबाइलच्या छोट्या पडद्यावर दिसते का? आणि यात हसू कोणावर येणार आहे? पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्यासाठी थोडं थांबावं लागतं.

तिसरी पायरी: हसू कोणावर येणार हे ठरवा

सगळ्यात निर्धोक माणूस म्हणजे फोटो टाकणारा स्वतः. त्यानंतर निर्जीव वस्तू येतात: टायमर, कॅमेरा, मध्येच आलेली खुर्ची. मग अगदी लहान मुलं, कारण तीन वर्षांच्या मुलीला चपलेवरच्या विनोदाचं काही वाटत नाही आणि तिच्या आईबाबांना तो आवडतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना मात्र लहान मुलांत धरू नका. त्या वयात आपला फोटो ग्रुपवर आला हेच पुरेसं अवघड असतं. त्यावर काकाने विनोद केला तर पुढच्या वेळी ते मूल फोटोत येणार नाही.

मोठ्या माणसांची गंमत करता येते, पण ती त्यांच्या अशा सवयीची असावी जी ते स्वतःच अभिमानाने सांगतात. आत्या दरवेळी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभी करते आणि "माझ्याशिवाय तुमचा एक फोटो धड येत नाही" असं म्हणते, तर तिच्या सूचनांवरची ओळ तिला आवडेल. ती असं कधीच म्हणत नसेल आणि ते फक्त बाकीचे आपसांत बोलत असतील, तर ती ओळ म्हणजे पाठीमागचं बोलणं चारचौघांत आणणं झालं.

काही विषयांना हातच लावायचा नाही. वजन, केस, रंग, वय, लग्न कधी, मूल कधी, नोकरी, परीक्षेचे गुण, आजारपण. घरी समोरासमोर यांतल्या एखाद्या विषयावर हसणं होतही असेल, पण तिथे आवाज असतो, चेहरा असतो, लगेच खांद्यावर ठेवलेला हात असतो. ग्रुपवर फक्त अक्षरं असतात, आणि ती अक्षरं त्या माणसाच्या सासरचे, भावाच्या ओळखीचे आणि गेली तीन वर्षं काहीही न लिहिणारे असे सगळे वाचतात. घरात नुकत्याच आलेल्या सुनेवर किंवा जावयावर पहिला विनोद तुम्ही करू नका. त्यांनी स्वतः ग्रुपवर एखादी गंमत केली की मग दार उघडलं असं समजा.

फोटोत जे नाहीत त्यांच्यावरही लिहायचं टाळा. "बघा, कोण आलं नाही ते!" हे लिहिणाऱ्याला लाडिक वाटतं, पण न येण्याचं कारण तुम्हाला माहीत असलेल्या कारणापेक्षा वेगळं असू शकतं.

कॅप्शनमध्ये एखाद्याचं नाव येत असेल तर आधी त्याला एकट्याला फोटो आणि ओळ पाठवून विचारा: "हे टाकू का?" दोन मिनिटांचं काम आहे. बहुतेक जण "टाक की" म्हणतात, आणि काही जण आणखी चांगली ओळ सुचवतात.

चौथी पायरी: ओळ लिहा आणि कापा

पुन्हा त्याच फोटोकडे येऊ. पहिली ओळ अशी सुचते:

"धमाल, मस्ती आणि आपली माणसं!"

हिला अदलाबदलीची परीक्षा लावा. हीच ओळ दुसऱ्या कुठल्याही कुटुंबाच्या फोटोखाली चालेल का? चालेल. मग ती खोडा. जी ओळ कुठेही चालते तिच्यामुळे कोणी परत फोटोकडे बघत नाही.

आता आत्या. "फोटो निघाला. आत्याच्या सूचना अजून चालू आहेत." ही ओळ चांगली आहे. दोन छोटी वाक्यं, पहिलं अगदी साधं, दुसऱ्यात गंमत. वाचणारा लगेच आत्याचं बोट शोधायला जातो. आत्याचा होकार असेल तर हीच पाठवायला हरकत नाही.

पण टाकणारा स्वतः फोटोत धावत असताना एवढी चांगली संधी सोडू नये. पहिला खर्डा:

"फोटोसाठी मी दहा सेकंदांचा टायमर लावला होता आणि पळत येऊन उभा राहणार होतो, पण मला यायला थोडा उशीर झाल्यामुळे मी असा आलो."

इथे सगळं समजावून सांगितलं आहे, त्यामुळे फोटोला काम उरलेलं नाही. जे फोटोत दिसतं ते ओळीतून काढा. पळणं दिसतं, मग "पळत" नको. वेडावाकडा आलो हे दिसतं, मग "असा आलो" नको. दिसत नाही ते एवढंच: टायमर किती सेकंदांचा होता. तेवढंच ठेवा:

"टायमर दहा सेकंदांचा होता. मला अकरा लागले."

सात शब्द. धावण्याचा उल्लेख नाही, उजव्या कडेचा नाही, हवेतल्या पायाचा नाही. ज्याने ही ओळ वाचली तो "मला" म्हणजे कोण, कुठे, हे शोधायला फोटोकडे परत जाणारच. आकड्यांत लिहून ती आणखी छोटी करता येते, "टायमर: 10 सेकंद. मी: 11.", पण मला वाक्यातली ओळ जास्त आवडते. घरच्या ग्रुपवर बोलल्यासारखं वाटलं पाहिजे, आणि आजीने ती मोठ्याने वाचली तरी कानाला बरी लागली पाहिजे.

गमतीचा शब्द कुठे येतो तेही बघा. "मला अकरा सेकंद लागले कारण टायमर दहाचाच होता" यात माहिती तीच आहे, पण अकरा आधी येऊन गेल्यामुळे शेवटाला काही धक्का उरत नाही. आपल्या भाषेत शब्द मागेपुढे करायला भरपूर जागा आहे, तिचा उपयोग करा. "फक्त काकांचेच डोळे मिटलेत" यापेक्षा "सगळ्यांचे डोळे उघडे आहेत. सगळे मिळून दहा." ही ओळ जास्त काम करते, कारण मिटलेल्या डोळ्यांचं नाव न घेता ती वाचणाऱ्याला मोजायला लावते.

"हाहाहा" आणि हसून डोळ्यांतून पाणी येणारे पाच चेहरे ओळीच्या शेवटी लावू नका. समोरचा हसण्याआधी आपणच हसलो तर त्याचं हसू निम्मं होतं. एक इमोजी चालेल, नसला तर आणखी चांगलं.

सूर बदलून बघा

साधी ओळ जमत नसेल तर सूर बदला. मराठीत यासाठी एक हुकमी सूर आहे, तो म्हणजे सरकारी कागदाचा. घरगुती गोंधळ कचेरीच्या भाषेत सांगितला की आपोआप गंमत येते, कारण ती भाषा सगळ्यांनी अर्ज भरताना सोसलेली आहे.

"सदर छायाचित्रात उजवीकडे आढळणारी धूसर आकृती ही प्रस्तुत छायाचित्रकाराची असून, उपस्थितांनी नोंद घ्यावी."

चपलेकडे बघणाऱ्या छोटीसाठी: "कुमारी छोटी यांनी कॅमेऱ्याकडे पाहण्याची विनंती विचाराधीन ठेवली आहे." इथे आणखी एक गोष्ट कामाला येते, ती म्हणजे आदरार्थी बहुवचन. तीन वर्षांच्या मुलीला "यांनी", पाळण्यातल्या बाळाला "साहेब", मांजराला "ते" म्हटलं की बाकी काही न करता ओळ हसरी होते. "साहेबांनी आज हसण्यास नकार दिला" ही रडणाऱ्या बाळाच्या फोटोखाली नेहमी चालते. उलटं मात्र करू नका. मोठ्यांचा आदर काढून घेऊन गंमत होत नाही. "काका झोपला" हे काकांच्या बरोबरीच्या भावाने लिहिलं तर ठीक, पुतण्याने लिहिलं तर वाचणाऱ्याचं लक्ष फोटोवरून उडून पुतण्यावर जातं.

बातमीचा मथळा हा दुसरा सूर: "अकरापैकी सात जण फोटोत यशस्वी". तोही चांगला चालतो, फक्त दर फोटोला वापरू नका. तिसऱ्यांदा तोच साचा दिसला की वाचणारे शेवट आधीच ओळखतात.

पाचवी पायरी: फोटोशिवाय ओळ वाचून बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि ग्रुपवरचे सगळ्यात वाईट घोटाळे इथेच होतात. तुम्ही फोटो आणि ओळ एकत्र बघता, पण सगळे तसे बघत नाहीत. अनेकांना आधी सूचनापट्टीवर ओळीचे पहिले काही शब्द दिसतात. काहींच्या मोबाइलवर फोटो आपोआप उतरत नाही, त्यांना धूसर चौकोन आणि खाली ओळ एवढंच दिसतं.

आता ही ओळ घ्या: "मामा गेले… फ्रेमच्या बाहेर!" फोटोसोबत ती निरागस आहे. पण सकाळी सहाला उठून मोबाइल हातात घेतलेल्या मावशीला पट्टीवर फक्त "मामा गेले" दिसतं. पुढचा फोन कसा येईल ते सांगायला नको. "आजी पडल्या", "काका आता उठणार नाहीत", "शेवटचा फोटो" ही सगळी त्याच जातीची वाक्यं. गेला, पडला, संपलं, शेवटचं, दवाखाना, तातडीने, हे शब्द ओळीच्या सुरुवातीला नकोतच. झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या फोटोवर तर विनोदच नको. डोळे मिटलेले आणि झोपलेले यांतला फरक छोट्या चित्रात कळत नाही.

म्हणून ओळ लिहून झाली की फोटोवर हात ठेवा आणि पहिले चार शब्द वाचा. त्यांनी कोणाच्या पोटात गोळा येत नसेल तरच पुढे जा. "टायमर दहा सेकंदांचा होता" यातून पार होते.

पाठवताना

एका वेळी एकच फोटो पाठवा. दहा फोटो एकदम पाठवले की ते छोट्या चौकोनांत गोळा होतात आणि एखाद्या फोटोखालची ओळ तो उघडल्याशिवाय बरेचदा दिसत नाही. गमतीचा फोटो वेगळा, बाकीचे नंतर. नीट आलेला फोटोही त्याच दिवशी टाका. काकांचा डोळे मिटलेला फोटो तेवढा ग्रुपवर आणि उघडे असलेला तुमच्या मोबाइलमध्ये, हे काकांना आवडणार नाही.

पाठवण्याआधी मागची बाजू शेवटची एकदा बघा, या वेळी विनोदासाठी नाही. टेबलावरची औषधं, उघडा लॅपटॉप, भिंतीला लावलेला पत्ता असलेला कागद. असं काही असेल तर फोटो कापून घ्या.

व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून 15 मिनिटांपर्यंत ओळ दुरुस्त करता येते. टंकलेखनाची चूक, चुकलेलं नाव यांसाठी ती सोय पुरेशी आहे. विनोद जमला नाही म्हणून मात्र ओळ बदलत बसू नका. दुरुस्तीची खूण ओळीशेजारी दिसते, आणि ज्यांनी पहिली ओळ वाचली ते दुसरीची तुलना करत बसतात.

पाठवल्यानंतर

कोणीच काही बोललं नाही तर थांबा. "समजलं का?" असं विचारू नका, खाली स्पष्टीकरण लिहू नका. नातेवाइकांच्या ग्रुपवर लोक कामं आटपून रात्री येतात, आणि दुपारच्या फोटोला रात्री दहाला उत्तर येणं अगदी नेहमीचं आहे.

कोणी तुमच्यापेक्षा चांगली ओळ लिहिली तर तिच्यावर मनापासून हसा आणि तिथेच थांबा. आपल्या टायमरच्या फोटोखाली आत्याने "मी सांगतच होते, पाच सेकंद आधी नीघ" असं लिहिलं, तर तुमच्या ओळीचं सोनं झालं. त्यावर आणखी टोला मारायला जाल तर तो आत्याच्या ओळीवर पडेल.

कोणाला लागलं असेल तर ते शब्दांत क्वचित कळतं. नेहमी लगेच उत्तर देणारा माणूस गप्प होतो, किंवा "हो, आम्ही असेच" असं काहीतरी आखूड येतं. तेव्हा ग्रुपवर काही लिहू नका. तिथे माफी मागितली की ज्यांच्या लक्षातही आलं नव्हतं त्यांच्याही लक्षात येतं आणि त्या माणसाला सगळ्यांसमोर "छे, काही नाही" म्हणावं लागतं. सरळ फोन करा, फोटो काढून टाकू का ते विचारा, आणि हो म्हणाले तर सर्वांसाठी डिलीट करा. डिलीट केल्याची ओळ मागे राहील आणि कोणीतरी "काय होतं?" विचारेलच. "फोटो हलला होता" एवढं उत्तर पुरे. टायमरच्या फोटोच्या बाबतीत तर ते खरंही आहे.